अडीच स्टारचा सहा नंबर: लीग टूमधल्या एका सेव्हचं प्रकरण

पार्श्वभूमी

फुटबॉल क्लब चालवायच्या फुटबॉल मॅनेजर या गेमची २०२५ची आवृत्ती कंपनीने रद्द केली आणि आमच्यासारखे बरेच जण २०२४ वरच रेटत राहिले. हा सेव्ह, म्हणजे साठवत पुढे नेलेला डाव, त्याच काळातला. क्लबाचं नाव देत नाही. इंग्लंडच्या चौथ्या पातळीवरचा, म्हणजे लीग टूमधला, पाच हजारांच्या मैदानाचा आणि कायम तंगीत असलेला क्लब आहे, एवढं पुरे. सेव्हमध्ये २०२८-२९चा, म्हणजे आमचा सहावा हंगाम चालू होता. इतक्या वर्षांनी निम्मेअधिक खेळाडू गेमनेच जन्माला घातलेले असतात, त्यामुळे त्यांना अ, ब, क म्हटलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

सेव्ह माझा, पण सल्लागार एक होता. माझा मावसभाऊ कोल्हापुरात असतो, एका तालमीच्या संघाकडून डाव्या बाजूला खेळतो आणि रात्री दुकान आटोपलं की माझी स्क्रीन बघत बसतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर लहानाचा मोठा झालेला हा माणूस खेळाडूकडे पाहून दोन मिनिटांत मत देतो. ते मत बरोबर असतं की नाही हा वेगळा विषय.

अडचण

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही सातव्या क्रमांकावर होतो. लीग टूमध्ये पहिले तीन थेट वर जातात आणि चौथा ते सातवा प्लेऑफ खेळतात, म्हणजे आम्ही दाराच्या उंबऱ्यावर. त्याच आठवड्यात आमचा बचावात्मक मिडफिल्डर, आमचा सहा नंबर, गुडघा फाटून हंगामातून बाहेर गेला. वय बत्तीस. पुढच्या आठ सामन्यांत सरासरी दीड गोल खाल्ले. आधी सामन्याला एकही पुरता पडत नव्हता.

ट्रान्सफरसाठी तिजोरीत शून्य. वेतनात आठवड्याला १,९०० पौंडांची मोकळीक.

पण खरी अडचण जुनी होती. आदल्या जानेवारीत आम्ही याच जागेसाठी एक खेळाडू स्काउटने, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या माणसाने, दिलेले पाचपैकी साडेतीन स्टार बघून घेतला होता आणि तो अकरा सामन्यांत उघडा पडला. पुन्हा तसंच करायचं नव्हतं, म्हणून आधी तो जुना अहवाल उघडून बसलो. तो लिहिणाऱ्या स्काउटची खेळाडूची सध्याची कुवत ओळखण्याची क्षमता वीसपैकी सात होती. साडेतीन स्टारांतला एक काळा होता, म्हणजे स्काउटला स्वतःलाच खात्री नव्हती. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण ऐन वेळी आठवत नाही. हे स्टार खेळाडूच्या अंगावर लिहिलेले नसतात, ते आपल्याच संघाशी तुलना करून दिलेले असतात. तेव्हा आमची मधली फळी इतकी कमजोर होती की साध्या खेळाडूलाही साडेतीन मिळाले. म्हणजे मी गुणपत्रिका नीट वाचली होती, पण गुण देणारा मास्तर कोण आणि वर्ग कुठला हे विचारलंच नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय लोनचा. वरच्या विभागातल्या एका क्लबाचा वीस वर्षांचा पोरगा, वेतनातला आमचा वाटा १,४०० पौंड, आणि खेळवला नाही तर वर दंड. दुसरा पर्याय चौतिशीतला, करार संपलेला एक अनुभवी गडी. तो दोन महिने टिकला असता, चार नाही.

तिसरा पर्याय आयर्लंड. तिथली लीग उन्हाळ्यात चालते, फेब्रुवारीत सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते, आणि बहुतेक करार त्याच सुमाराला संपतात. म्हणजे इंग्लंडची खेळाडू घेण्याची जानेवारीची खिडकी उघडते तेव्हा तिकडचे चांगले खेळाडू फुकट फिरत असतात, अंगात पूर्ण हंगामाचा खेळ घेऊन. ब्रेक्झिटनंतर युरोपातल्या खेळाडूंना इंग्लंडमध्ये आणताना गुणांची अट लागते, आयरिश नागरिकांना ती लागत नाही. ही वाट काही गेमने शोधलेली नाही. एव्हर्टनने शेमस कोलमनला २००९च्या जानेवारीत स्लायगो रोव्हर्सकडून ६० हजार पौंडांना नेलं होतं.

लोनला मी जवळजवळ हो म्हटलं होतं. अडवलं ते एका हिशेबाने: लोनवरचा पोरगा मे महिन्यात परत जाणार आणि जूनमध्ये आम्ही पुन्हा याच खुर्चीवर, याच प्रश्नासमोर. आयर्लंडची वाट जमली तर ती दर वर्षी उघडी राहणार होती. फक्त ती चालायला आमच्याकडे माणसं नव्हती.

माणसं बदलली

आमचा चीफ स्काउट आणि दोन स्काउट, तिघेही इंग्लंडबाहेरचं फारसं जाणत नव्हते. रिक्रूटमेंट अॅनालिस्टची जागा दोन वर्षं रिकामीच होती, कारण त्या पैशात एक राखीव बॅक येतो असं मला वाटायचं.

सात गुणांच्या त्या स्काउटला नुकसानभरपाई देऊन मोकळं केलं आणि एक आयरिश स्काउट शोधला. इथे दोन आकड्यांत गफलत होते, म्हणून थोडं थांबतो. स्काउटला सध्याची कुवत ओळखण्याचा एक गुण असतो आणि पुढची शक्यता ओळखण्याचा दुसरा. आपण सवयीने दुसऱ्याच्या मागे लागतो, कारण उद्याचा हिरा सापडावा अशी हाव असते. आम्हाला जानेवारीत उतरवायला माणूस हवा होता. घेतलेल्या स्काउटचा पहिला गुण १४ आणि दुसरा १०. नव्या देशात रुळण्याची क्षमता फक्त ८ होती. दुसऱ्या क्लबाने त्यावरून त्याला नाकारलंही असेल, पण त्याला आम्ही त्याच्याच गावात बसवणार होतो. पगार आठवड्याला २७५ पौंड. डेटा विश्लेषणात १३ असलेला अॅनालिस्ट २५० पौंडांत आला.

मग रिक्रूटमेंट फोकस, म्हणजे कसा खेळाडू शोधायचा याचा स्काउटांना दिलेला हुकूम. आधी आमचे सहा फोकस एकाच वेळी चालू होते: डावा बॅक, तरुण गोलकीपर, कुठलाही स्वस्त स्ट्रायकर वगैरे. तिघे स्काउट त्यात वाटले गेले आणि कुणाचाच अहवाल पुरा होत नव्हता. पाच बंद केले. एकच ठेवला: आयर्लंड, बचावात्मक मिडफिल्डर, करार संपत आलेला, वय २४ ते २७. खालची मर्यादा २४ ठेवली, कारण २३ पर्यंतचा खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात नेला की त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाची भरपाई द्यावी लागते. शून्य बजेटमध्ये ते नको. हा निर्णय तेव्हा इतका सरळ वाटला की त्यावर अर्धा मिनिटही घालवला नाही.

आकड्यांची चाळण

सेव्ह सुरू करतानाच मी आयर्लंडची लीग खेळण्याजोगी म्हणून निवडली होती. ते केलं नसेल तर तिथल्या खेळाडूंचे तपशीलवार आकडे हाताला लागत नाहीत, आणि पुढचं सगळं बसतं. तिथल्या प्रीमियर डिव्हिजनमध्ये दहा संघ आणि ३६ फेऱ्या. नोव्हेंबरात त्या संपल्या होत्या, त्यामुळे हातात पूर्ण हंगाम होता. शोधाच्या पडद्यावर आकड्यांचे रकाने लावले, `Ctrl+P` दाबून यादी वेब पेज म्हणून काढली आणि स्प्रेडशीटमध्ये टाकली. १,५०० मिनिटांपेक्षा कमी खेळलेले गाळले. उरले अकरा.

यादीत सगळ्यात वर अ होता. `Int/90`, म्हणजे नव्वद मिनिटांमागे मध्येच अडवलेले पास, ४.१. बऱ्याच खाली ब, त्याचे ३.२. मावसभाऊ म्हणाला, "दादा, झालं की. अ घे आणि झोप."

पण अ चा संघ शेवटून दुसरा आलेला. चेंडू त्यांच्याकडे सरासरी ४२ टक्के वेळ असायचा, म्हणजे ५८ टक्के वेळ समोरच्याकडे. ज्याच्यासमोर चेंडू जास्त वेळ फिरतो त्याला अडवण्याची संधीही जास्त मिळते. ब चा संघ वरच्या तिघांतला, चेंडू ५७ टक्के त्यांच्याकडे. त्याला संधी ४३ टक्क्यांतच. दोघांना एकाच मापाने मोजायचं तर समोरच्याकडे चेंडू निम्मा वेळ असता तर किती, असं विचारावं लागतं. C मध्ये खेळाडूचा आकडा आणि D मध्ये त्याच्या संघाचं पझेशन असेल तर सूत्र एवढंच:

```
=C2*50/(100-D2)
```

अ चे ४.१ झाले ३.५३ आणि ब चे ३.२ झाले ३.७२. टॅकलचंही तसंच: अ ३.० वरून २.५९, ब २.५ वरून २.९१. क्रम उलटला. अकरापैकी चौघांच्या जागा अशा हलल्या.

हे माप कच्चं आहे, हेही सांगायला हवं. पझेशन हंगामाच्या सरासरीचं आहे, खेळाडू मैदानावर होता त्या मिनिटांचं नाही. संघ मागे सरकून बचाव करतो की पुढे जाऊन चेंडू हिसकावतो हेही त्यात दिसत नाही. तरी न सुधारलेला आकडा दर वेळी हरणाऱ्या संघातल्या खेळाडूंनाच वर चढवतो, आणि हरणाऱ्या संघातले सहा नंबर मी आधी दोन घेऊन बसलोय.

अ की ब

यादीतले पहिले तिघे आयरिश स्काउटकडे दिले. तिसऱ्याने आठवडाभरात आपल्याच क्लबाशी नवा करार केला. उरले दोघे.

पहिल्या अहवालात ब चं टॅकलिंग ९ ते १४ अशा पट्ट्यात दिसत होतं. अशा पट्ट्यावर निर्णय घेणं म्हणजे भाजीवाल्याने झाकलेली टोपली विकत घेणं. साडेतीन आठवड्यांत पट्टे मिटले. टॅकलिंग १३, अंदाज बांधणं १३, जागा धरणं १२, निर्णय १२. आणि वेग ८. मावसभावाने ते बघितलं आणि बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "आठ? दादा, आमच्या मैदानावर गोलकीपर यापेक्षा पळतो."

अ चा वेग १३, टॅकलिंग ११, अंदाज ८, निर्णय ८. आमच्या नव्या स्काउटने अ ला साडेतीन स्टार दिले, ब ला अडीच.

स्काउट चांगला, मग मी त्याचं ऐकावं की नाही? इथे मी एक संध्याकाळ घालवली. गेम खेळाडूची एकूण कुवत एका लपलेल्या आकड्यात, २०० पैकी, मोजतो. त्यात पळण्याच्या गुणांना भारी वजन आहे. वेगवान खेळाडूची एकूण बेरीज त्यामुळे लवकर वर जाते आणि मंद पण डोकेबाज खेळाडूची खाली राहते. स्टार त्या बेरजेवरून येतात. स्काउट चुकला नव्हता, अ ची बेरीज खरंच जास्त होती. आम्हाला बेरीज नको होती. आमचे दोन्ही सेंटरबॅक वेगवान होते, फुलबॅक पुढे जात नव्हते, आणि सहा नंबरचं काम त्यांच्यापुढच्या वीस यार्डांत उभं राहून पास खाणं एवढंच. ब स्वस्त होता तो या वजनामुळेच. बाकीच्या क्लबांचे कारभारीही स्टारच बघतात.

अहवालातल्या शेरेवजा ओळींनी पारडं पक्कं केलं. अ च्या नावापुढे सातत्य नसल्याचा शेरा होता आणि दुखापतींच्या इतिहासात मांडीचा एकच स्नायू तीनदा. ब चा स्वभाव व्यावसायिकतेकडे झुकणारा, दोन हंगामांत पाच सामने चुकलेले.

तरी वेगाची भीती जाईना. करार संपताच डिसेंबरात ब ला ट्रायलवर बोलावलं. ट्रायलचा खर्च नगण्य असतो, आणि आपले प्रशिक्षक खेळाडूला रोज बघतात म्हणून माहिती भराभर पक्की होते. राखीव संघाच्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात त्याला पूर्ण वेळ ठेवलं. सत्तराव्या मिनिटाला समोरचा विंगर आत वळून त्याच्या अंगावर धावत आला. ब दोन पावलं आधीच मागे सरकलेला होता, त्याने नुसता पाय लांब केला आणि चेंडू घेतला. पळण्याचा प्रश्नच आला नाही. पलीकडून मावसभावाचा फक्त "हं" असा आवाज आला.

करार

ट्रायलच्या नवव्या दिवशी बातमी आली की स्कॉटलंडच्या एका क्लबाने ब ला करार देऊ केला आहे. ट्रायलचे पाच दिवस बाकी होते. थांबलो तर प्रशिक्षकांचा अहवाल पुरा होईल पण माणूस जाईल. थांबलो नाही.

त्याच्या एजंटने १,२५० पौंड मागितले. मी १,०५० वर आणलं, खेळलेल्या सामन्यामागे २०० पौंड, दीड वर्षाचा करार, आणि एक वर्ष वाढवण्याचा हक्क क्लबाकडे. एजंटने एकच गोष्ट सोडली नाही: दीड लाख पौंडांचा रिलीज क्लॉज, म्हणजे तेवढे भरणाऱ्या क्लबाला आम्ही अडवू शकणार नव्हतो. फुकट आलेल्या, वेग ८ असलेल्या खेळाडूला कोण दीड लाख देणार, असं म्हणत मी सही केली. घाई होती. पण वेतनाच्या मोकळिकीत अजून पैसे शिल्लक होते आणि ते वापरायचं मला त्या क्षणी सुचलं नाही.

निकाल

ब जानेवारीपासून २१ सामने खेळला, सरासरी गुण ६.९४. तो मैदानावर असताना आम्ही सामन्याला सरासरी एक गोल खाल्ला, आधीच्या दीडच्या जागी. सगळं श्रेय त्याचं नाही, मार्चमध्ये वेळापत्रक हलकं होतं. शेवटी सहावे आलो आणि प्लेऑफच्या उपांत्य फेरीत पेनल्टीवर गेलो.

जूनमध्ये लीग वनच्या एका क्लबाने दीड लाख भरले आणि क्लॉज उघडला. ब हसत निघून गेला. तेव्हा गेमच त्याची किंमत चार ते साडेपाच लाखांच्या पट्ट्यात दाखवत होता. फुकट आणलेल्यावर दीड लाख मिळाले, त्यात स्काउट आणि अॅनालिस्टचा पाच वर्षांचा पगार सुटतो. तरी तो आकडा बघून पोटात कालवतं.

अ लीग टूमधल्याच दुसऱ्या क्लबात गेला. अकरा सामने खेळला, मग तीच मांडी.

पुन्हा खेळलो तर

रिलीज क्लॉज पहिला. एजंटला तो हवा होता तो खेळाडूला वर जाण्याची वाट मोकळी राहावी म्हणून. आठवड्याला दोनशे पौंड वाढवून किंवा प्रमोशनचा बोनस देऊन क्लॉज काढता आला असता, निदान साडेतीन लाखांवर नेता आला असता. एक फेरी जास्तीची बोलणी, एवढंच लागलं असतं. स्कॉटिश क्लबाच्या बातमीने मी ती फेरी खाल्ली.

दुसरी गोष्ट जास्त बोचते, आणि ती क ची आहे. नोव्हेंबरात आयरिश स्काउटने फोकसच्या बाहेर जाऊन आपणहून एक नाव पाठवलं होतं. वय २१, आयर्लंडच्या दुसऱ्या पातळीवरच्या विभागात खेळणारा, तीन स्टार आणि त्यापुढे दीड काळा. मी स्प्रेडशीट उघडली, तो तिथे नव्हता. असणारच नव्हता. पाय मोडल्यामुळे तो हंगामात ८४० मिनिटंच खेळला होता आणि माझी चाळण १,५०० ची. वयाने तर तो फोकसमध्येच बसत नव्हता. मी अहवाल बंद केला. त्याला दुसऱ्या इंग्लिश क्लबाने नेलं, प्रशिक्षणाची भरपाई ३५ हजार पौंड पडली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तो सहा लाखांना विकला गेला.

मिनिटांची अट चूक नव्हती. ८४० मिनिटांचा आकडा डळमळीतच असतो, दोन चांगल्या सामन्यांनी फुगतो. पण मुळात १४ गुणांचा स्काउट घेतला होता तो कशासाठी? आकडे जिथे पोहोचत नाहीत तिथे बघायला. आणि तो बघून सांगत असताना मी त्याला आकड्यांचा पुरावा मागितला. आदल्या वर्षी सात गुणांच्या स्काउटवर डोळे मिटून विश्वास ठेवला, या वर्षी १४ वाल्यावर ठेवला नाही.

भरपाईचंही तेच. ती किती पडेल हे न विचारताच मी २४ ची रेघ मारली. तिजोरीत शून्य होतं हे खरं, पण त्याच आठवड्यात आमच्या राखीव डाव्या बॅकसाठी ४० हजारांची मागणी आली होती आणि ती मी फेटाळली होती.

आता सातव्या हंगामाचा नोव्हेंबर आहे आणि सहा नंबर पुन्हा रिकामा. चाळणीत ७०० मिनिटं टाकलीत, वयाची खालची रेघ पुसलीय, आणि १,५०० च्या आत खेळलेल्यांचा वेगळा रंग करून ती यादी आधी स्काउटकडे पाठवलीय. काल त्यातला एक निघाला, वेग ७. मावसभावाला अजून सांगितलेलं नाही.